टाटपट्टीवरची जागा

सावली तालुक्यातल्या आमच्या जंगलालगतच्या गावात मी अंगणवाडी चालवते. पोरं पहिलीत जाताना रडतात म्हणून एप्रिलमध्ये शाळेत झालेल्या मेळाव्यात आया, पहिलीचे गुरुजी आणि मी मिळून ठरवलं होतं, की शाळा उघडली की आईनं आधी वर्गात पोराजवळ बसायचं, मग दारात, मग घरी जायचं. त्या दिवशी सरावही केला. एक अबोल पोरगी आईला चिकटून टाटपट्टीवर बसली आणि चक्क हसली.

मे महिन्यात जंगलात विड्यांसाठीचा तेंदूपत्ता तोडताना तिच्या आईला वाघानं नेलं.

शाळा उघडायच्या आधी गुरुजी आणि मी तिच्या घरी गेलो. आईच्या जागी मी बसायचं ठरलं. पोरीला काय सांगितलं, असं विचारल्यावर बाप खाली पाहत म्हणाला, "माय तेंदूपत्त्याले गेली म्हनलं." मी चिडले. "काऊन खोटं सांगता भाऊ? तिले खरं सांगा." पण खरं सांगायचं धाडस मग मलाही झालं नाही, गुरुजींनाही नाही.

पहिल्या दिवशी मी जवळ बसायला गेले, तर तिनं टाटपट्टीवर हात ठेवला. "इथी माही माय बसते." मी तिच्या दुसऱ्या बाजूला बसले.

चार दिवसांनी गुरुजींनी खूण केली. ठरल्याप्रमाणे मी दाराकडे जायला उठले. तिनं माझा पदर धरला.

"बाई, तुमी बी तेंदूपत्त्याले चालल्या का?"