उजव्या बाजूचं बोर

माझा पहिला संशय गेला मालिशवाल्या मावशीवर.

लेक दहा महिन्यांची होती. बजाजनगरच्या आमच्या दोन खोल्यांत तिचं बोरन्हाण होतं. डोक्यावरून बोरं, चुरमुरे ओतले आणि शेजारची पोरं तुटून पडली. लेकही बसल्या जागी गोळा करत होती, पण नुसत्या डाव्या हातानं. उजव्या मांडीला लागलेलं बोरसुद्धा अख्खी वळून डाव्यानंच धरायची. उजवी मूठ अंगठा आत घेऊन छातीशी चिकटलेली. सासूबाई म्हणाल्या, "डावखुरी हाय, माझ्या भावावर गेली." सगळ्या बाया हसल्या. मला काही हसू आलं नाही.

दुसऱ्या दिवशी सासूबाईंनी तिच्या डाव्या हातावर पायमोजा चढवला. "डाव्यानं जेवायची खोड आत्ताच मोडलेली बरी." मीही अडवलं नाही. समोर केळ्याचा तुकडा ठेवला. मोज्यातल्या हातानं ती धडपडली, भोकाड पसरलं, आणि शेवटी वाकून तोंडानंच तुकडा उचलला. उजवा हात मोकळा होता, तरी पुढं आला नाही. मालिश करताना हिचा खांदा ओढला गेला असणार, असंच मला वाटलं.

मावशीला दारातच धरलं. "खरं सांगा, खांदा कधी ओढला?"

"काय बोलता ओ! माझ्या हाताखालून निम्मी कॉलनी गेली!" ती रडायला लागली. माझं डोकं फिरलेलं. उद्यापासून येऊ नका म्हणाले.

मुलांच्या डॉक्टरांवरही माझा भरवसा नव्हता. हे आता तपासण्यांची लांबलचक यादी देणार, असंच वाटत होतं. त्यांनी आधी डावा हात हलकेच धरून उजवीकडून खुळखुळा दाखवला. मग कोपर, मनगट वाकवून पाहिलं. रांगते कशी, विचारलं. बसूनच सरकते, उजवा पाय मागं राहतो, मी सांगितलं. हे मी रोज बघत होते की!

"खांदा ठीक आहे. मालिशीचा दोष नाही," ते म्हणाले. "या वयात मुलं दोन्ही हात वापरतात. डावं-उजवं पक्कं व्हायला दोन-तीन वर्षं जातात. एवढ्या लवकर एकच हात चालला, तर दुसरा कमजोर आहे का ते बघायला लागतं."

एमआरआयमध्ये दिसलं: उजवं अंग चालवणाऱ्या मेंदूच्या डाव्या बाजूला जुनी इजा, बहुतेक जन्माच्या आधीची. मी लई रडले. लवकर आणलंत, आत्ताच व्यायाम सुरू करू, असं डॉक्टर म्हणाले.

आणि थेरपीवाल्या ताईंनी काय सांगावं? डाव्या हाताला मोजा घाला! पण रोज अर्धाच तास, खेळता खेळता, समोर उजव्याला जमेल तेवढंच ठेवून. सासूबाईंनी मोजा उचलला आणि परत खाली ठेवला. "माझ्यानं नाय होणार गं." माझ्यानंही होईना.

मग मी मावशीच्या दारात गेले. चुकले म्हणाले. ती चपला घालून माझ्याबरोबर निघाली. तिनंच लेकीला मांडीत घेतलं, गाणं म्हणत मोजा चढवला आणि उजव्या बाजूला एक रिकामी वाटी ठेवली.

लेक रडली. डाव्यानं चाचपलं. मग ती बंद मूठ छातीपासून सुटली आणि वाटीवर आपटली.

"आली गं बया!" मावशी ओरडली, आणि माझ्याआधी तीच रडली.