नकार हवा होता

दिघीच्या खाडीकाठच्या कोळंबीच्या कारखान्यात मी हजेरी आणि पगाराचं काम बघायचो. नोव्हेंबरात रजेचे नियम समजावून सांगायचे, हे काम माझ्या गळ्यात पडलं. जेवणघरातल्या फळ्यापुढे उभा राहिलो की मला एका जागी राहवत नाही. खडू सारखा मोडत होता.

फळ्यावर लिहिलं : शिल्लक अडतीस दिवस. नव्या वर्षात पुढे जाणार तीस. उरलेले आठ बुडाले. दुसरं उदाहरण नोकरी सोडणाऱ्याचं : शिल्लक वीस, रोजची मजुरी सहाशे, म्हणजे हातात बारा हजार.

कोळंबी सोलणाऱ्या एक मावशी उठल्या. "भाऊ, ह्ये अडतीस माझंच हाय. लेकीचं बाळंतपण फेब्रुवारीत. तिला सासू न्हाय. सगळी रजा तिच्यासाठी राखली. नव्या वर्षाची येईल ती पोराच्या लग्नाला."

"मग आठ दिवस आत्ताच घ्या ना."

"दरसाली मागतेय की! सायेब म्हनतो, आता नको बाय, माल पडलाय."

"लेखी मागितली होती?"

सगळं जेवणघर हसलं. आमच्याकडे रजा तोंडी मागायची आणि तोंडीच नाकारायची रीत. माझा पारा चढला. मी फळ्यावर मोठ्या अक्षरात लिहिलं : पंधरा दिवस आधी लेखी मागितलेली आणि नाकारलेली रजा तिसाच्या मर्यादेत धरत नाहीत. ती सगळी पुढे जाते.

मावशींच्या लगेच ध्यानात आलं. "म्हंजे सायेब नको म्हनला, तर माझं आठ वाचलं?"

"वाचले."

त्यांनी डिसेंबरच्या आठ दिवसांचा अर्ज माझ्याकडूनच लिहून घेतला, खूश होऊन. डिसेंबरात मालाची रीघ असते, नकार ठरलेलाच. मीही निर्धास्त होतो.

पण डिसेंबरच्या मध्यालाच वादळाचा बावटा लागला. होड्या बंदरातच राहिल्या, कोळंबी येईना. हात रिकामे बसवून ठेवण्यापेक्षा बरं म्हणून सुपरवायझर साहेबांनी अर्जावर सही केली : मंजूर.

मावशी तो कागद घेऊन माझ्या खिडकीशी आल्या. मी खुर्चीतून उठलो, बसलो, पुन्हा उठलो. अर्ज मागे घ्यावा, तर ती नाकारलेली रजा होत नाही, आठ दिवस वर्षअखेर बुडतातच. दुसरा अर्ज करायला पंधरा दिवस उरले नव्हते. मला साहेबांचाही राग आला नाही, त्यांनी तर उपकारच केला होता.

"आता घरी बसून काय करू, भाऊ? बाळ काय लवकर येनार हाय?"

मावशींनी कागदाची घडी केली.

"इतकी वर्सं नको म्हनला. आन् आज हो म्हनाला."

फेब्रुवारीत लेकीच्या बाळाला आठ दिवस शेजारणीने न्हाऊ घातलं. मावशी तेव्हा सोलायच्या टेबलाशी होत्या.