थर्मासबरोबरची चिठ्ठी

एकतीस डिसेंबरच्या संध्याकाळी आमच्या मुलुंडच्या सोसायटीतले वॉचमन काका ड्यूटीवर आले, तेव्हा मी त्यांना नवा थर्मास दिला. रात्रपाळीत त्यांचा चहा गार होतो म्हणून. सोबत चिठ्ठी लिहिली होती, ‘वर्षभर आमची काळजी घेतलीत, मनापासून आभार. तुमची ताई.’

सकाळी त्यांची ड्यूटी सुटली तेव्हा मी बाल्कनीत होते. गेटवर सिक्युरिटी एजन्सीचा सुपरवायझर त्यांची पिशवी तपासत होता. थर्मास बाहेर निघाला. काका चिठ्ठी दाखवत होते, तो नकारार्थी मान हलवत होता. लिफ्ट येईना, म्हणून जिन्याने धावले.

“यावर फ्लॅट नंबर नाही, सही नाही. अशी चिठ्ठी कोणीही लिहील,” तो म्हणाला.

“मी दिलाय ना! पेन द्या इकडे!” मी ओरडलेच. ‘हा थर्मास आम्ही भेट दिला आहे,’ एवढंच त्याच चिठ्ठीवर लिहिलं, खाली फ्लॅट नंबर आणि सही.

काकांनी चिठ्ठी घडी करून खिशात ठेवली, माझ्याकडे न बघता.

त्याच गेटमधून मी रोज भरलेल्या पिशव्या घेऊन बाहेर पडते. आजवर मला कोणी थांबवलेलं नाही.