तीन बैठकांचे सोनेरी केस

लग्नसराईत माझ्या पार्लरमध्ये कोण काय मागेल याचा नेम नसतो. तरी रिसोडकडच्या त्या नवरीने मोबाइलवर एका परदेशी बाईचा फोटो धरून फर्मान सोडलं, तेव्हा माझ्या हातातला कंगवा पडला.

"काकू, असे राखाडी-सोनेरी पाह्यजे. रिसेप्शन बारा दिवसांवर हाये."

काकू! वाशिममध्ये इतकी वर्षं केस रंगवतेय, सगळं गाव मला मॅडम म्हणतं. तरीही मी गोड हसले. केस कमरेखाली, काळेभोर.

"याआधी कलर केलाय?"

"कधीच नाही."

"नक्की?"

"आईशप्पथ, काकू. फक्त मेहंदी."

"कोणती?"

"काळी."

मी खाली बसले. आमच्याकडे पुडीवर हिरवं पान छापलेलं असलं की तो कलर राहतच नाही, मेहंदी होतो. प्रत्यक्षात काळी मेहंदी म्हणजे पक्का रंग, आणि काही पुड्यांत धातूचे क्षारही. त्यावर ब्लीच पडलं की केस तापतात. मी तिच्या कानामागची बारीक बट कापली, ब्लीच लावून फॉइलमध्ये गुंडाळली. पाच मिनिटांत फॉइल हाताला गरम! उघडलं तर मुळाकडचा कोरा भाग विटकरी, खालचा हिरवट-नारिंगी. खालचं टोक ओढलं, तर रबरासारखं ताणलं आणि तुटलं.

नवरीने ते पाहिलं, विचार केला आणि म्हणाली, "मंग बाकीच्याइले जरा जास्त वेळ ठेवा."

त्यानंतर चार दिवस फोन. कधी ती, कधी तिची आई. "अकोल्याची बाई एका दिवसात करतो म्हणते. तुमालेच काहून इतके दिवस लागते? भाव वाढवून राह्यल्या का?" मी एक वाक्य बोलावं, त्यांनी ते तीनदा तोडावं. शेवटी मी कागद घेतला. कागदाला मध्येच तोडता येत नाही.

"सप्रेम नमस्कार," मी लिहिलं. "तुम्हाला हवं ते एका बैठकीत जमणार नाही. किमान तीन बैठका लागतील आणि आधी सांगितलेला खर्च वाढेल. काळा केस थेट सोनेरी होत नाही. तो आधी लालसर, मग नारिंगी, मग पिवळा होतो. पिवळ्यावर टोनर लावला की राखाडी छटा येते. दोन बैठकांमध्ये तीन-चार आठवड्यांची विश्रांती नाही दिली, तर केस तुटतील. मेहंदीचा भाग ब्लीच सोसणारच नाही, तो कापावा लागेल. राहिलेल्या केसांनाही दर वेळी चार-पाच तास जातील, केस सांभाळणारं औषधही लागेल. पैसे त्याचे आहेत. आणि पुढे दर दीड महिन्याला मुळं काळी दिसतील, तो खर्च वेगळा."

मला वाटलं, काय सुंदर पत्र! खाली सही ठोकली आणि ते त्यांच्या गावाकडे जाणाऱ्या एका ओळखीच्या बाईंच्या हाती दिलं.

लग्नघरी आलेलं पाकीट मात्र आधी बाप फोडतो. तिसऱ्या दिवशी दुपारी तेच पत्र मुठीत चुरगळून तो माझ्या दारात उभा.

"मॅडम, तुमी माह्या पोरीच्या सासरच्या कोन?"

"कोणी नाही, भाऊ."

"मंग बैठका कायच्या? आमची बैठक मागंच झाली. देनंघेनं ठरलं. आता तीन बैठका अन् वाढीव खर्च? म्या तं व्याह्याले फोन करून सुनावलं!"

हे राम. सोयरिकीच्या बैठकीशिवाय दुसरी बैठक असते हे त्या माणसाला मान्यच नव्हतं, आणि दोन ओळींपुढे त्याने वाचलंही नव्हतं. मी त्याला खुर्चीत बसवलं आणि पुढचं मोठ्याने वाचून दाखवलं. 'मुळं काळी' येईपर्यंत त्याचा चेहरा लाल, नारिंगी, पिवळा होऊन गेला.

"म्हंजे केसं?"

"केसं."

"केसासाठी म्या व्याह्याले..." त्याने कपाळ धरलं. मी ती तुटलेली बट पुढे केली. त्याने ओढून पाहिली, आणखी एक तुकडा त्याच्या बोटांत आला. तिथूनच त्याने आधी व्याह्याची माफी मागितली आणि मग लेकीला फोन लावला. "हे पाय बाप्पा, तुले टक्कल पाह्यजे का रिसेप्शन?"

पलीकडून रडणं ऐकू आलं. मग नाक ओढत, "काळेच राहू द्या. चमक तं येईन ना?"

चमक मी आणली. रिसेप्शनच्या दिवशी ते काळे केस असे दिसत होते की बायका मागून हात लावून पाहत होत्या. मी आहेर द्यायला स्टेजवर चढले. नवरीने फोटोसाठी हसू धरून ठेवलं आणि ओठ न हलवता पुटपुटली, "काकू, तुमच्यामुळं मी आईसारखी दिसून राह्यली."

आई शेजारीच उभी होती, अन् तिने सगळं ऐकलं.