काळ्या पुडीचा दुसरा हात

दुसऱ्या महायुद्धाच्या आधीची गोष्ट. शहाद्याच्या बाजारात आमचं केस कापायचं दुकान होतं. दोन लाकडी खुर्च्या आणि एक मोठा आरसा. एका खुर्चीवर अब्बा, दुसरीवर मी. मी चोवीस वर्षांचा होतो आणि डोकं कायम तापलेलं. आज त्या दुकानातल्या साबणाचा, ओल्या वस्तऱ्याच्या पट्ट्याचा वास आठवला की जीव गलबलतो. तेव्हा मात्र वाटायचं, कुठल्या मागासल्या जागी अडकलोय!

सुरतेला मावशीकडे गेलो होतो, तिथे एका भारी सलूनमध्ये नवा कलप पाहिला. काळी पूड, वर बाटलीतलं पाणी, अर्ध्या तासात पांढऱ्या डोक्याचा कोळसा. आम्ही मेंदी लावायचो, धुवायचो, मग निळीच्या पाल्याची भुकटी लावायचो. गिऱ्हाइकाचा अर्धा दिवस त्यात जायचा. मी पुडी आणि बाटली घेऊनच आलो.

अब्बा नाही म्हणाले नाहीत. वस्तरा पट्ट्यावर घासत एकेक विचारत गेले. शिकवणार कोण? सुरतेचा उस्ताद दोन महिने फुकट राबवून घेणार आणि वर फी मागणार. तेवढे दिवस इथली एक खुर्ची रिकामी. बाटली एकदा फोडली की आपल्या उन्हाळ्यात किती दिवस टिकणार? पाण्यातला जोर उडाला, की उरलेली पूड काय कामाची? आणि लावणार कोणाला?

"डोंगरमाहीन येतस त्या लोकस्ले पांढरा केसनी लाज शे का?" ते म्हणाले. "तुन्हा गिऱ्हाइक दोन. नही ते तीन."

त्या तिघांतला एक कापसाचा अडत्या. बायको जाऊन दोन वर्षं झालेली, आता दुसरं लग्न ठरलं होतं. नवरी पंचविशीची, आणि हा पठ्ठ्या मिशीकडे बघून रोज उसासे टाकायचा. त्याला कलप लावला की त्याच्या ओळखीने सगळा बाजार माझ्या खुर्चीवर येईल, असं मी मनात मांडून ठेवलं होतं. दुकानाला माझं वळण लागेल, म्हातारा बाजूला बसेल. खोटं कशाला सांगू, असंच वाटायचं.

आमच्या घरची एक रीत होती. तेल असो, साबण असो, नवी वस्तू आधी घरच्याच्या अंगाला लागायची, तीही दोनदा, मध्ये महिना सोडून. अब्बांनी कानामागे आणि दाढीच्या कोपऱ्यात पूड लावून घेतली. तीन आठवडे उलटले, काही झालं नाही.

"झालं की आता!" मी म्हणालो.

"बिब्बा पाह्यना ना? पहिला डाव काही करस नही. दुसरा डाव तोंड सुजाडस. कातडीले वळख पटाले टाइम लागस."

मी पाय आपटत बाहेर गेलो. औषधाची बाटली आणि बिब्बा एकच का? लग्न आठवड्यावर आलं होतं. मी सरळ अडत्याला गाठलं आणि सांगितलं, गुरुवारी उजाडता उजाडता या, अब्बा यायच्या आत उरकून टाकू.

मंगळवारी अब्बा आपणहून माझ्या खुर्चीवर बसले. "लाव दुसरा हात. सगळी दाढीले लाव." महिना झाला होता. मी रागानेच ब्रश फिरवला, पण दाढी अशी काळीभोर झाली, की आरशात बघून दोघंही हसलो. दहा वर्षांनी तरुण दिसले. ते हसू मला अजून दिसतं.

रात्रीपासून खाज सुटली. बुधवारी सकाळी गाल फुगले, दुपारपर्यंत पापण्या मिटल्या. दाढीखालून पाणी सुटलं. अम्मी थंड पाण्याच्या घड्या ठेवत होती आणि माझ्याकडे बघतही नव्हती. या अल्ला, माझ्या हातांनी केलेलं ते! पन्नास वर्षं वस्तरा धरणारा माणूस डोळे मिटून पडला होता आणि डोळे परत उघडतील की नाही, हे कोणालाच ठाऊक नव्हतं.

गुरुवारी अडत्या आला. मी त्याला घरात नेऊन अब्बांसमोर उभं केलं. तो पाहूनच दोन पावलं मागे सरला. "मेंदीच लाव रे बाबा," म्हणाला. दुपारपर्यंत मेंदी आणि नीळ लावून त्याची मिशी काळी केली. छान झाली होती.

नवव्या दिवशी अब्बांचे डोळे नीट उघडले. मी पायाशी बसलो होतो. मी म्हटलं, "तुम्ही नुसतं नको म्हटलं असतं, तर मी पुडी फेकून दिली असती."

"नही फेकतास," ते शांतपणे म्हणाले. "गुरुवारले तू अडत्याले बलाई लिन्हं व्हतं, त्यानीच माले सोमवारे सांगं."