वारसांच्या यादीत चौघं

आमच्या सोसायटीत सोळा फ्लॅट आहेत. वाशीममध्ये घर म्हटलं की लोक अजून प्लॉट आणि त्यावरचं बांधकाम धरतात, त्यामुळे सुरुवातीला आम्हां फ्लॅटवाल्यांकडे जरा कीव आल्यासारखंच बघितलं जायचं. जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झाले त्या वर्षी मला सचिव केलं. माझं अक्षर चांगलं आहे आणि मी नाही म्हणणार नाही, ही दोन कारणं सगळ्यांना पुरेशी वाटली.

दुसऱ्या मजल्यावर एसटी डेपोतून निवृत्त झालेले एक मेकॅनिक राहायचे. कमी बोलणारे, पण जिन्यातला दिवा गेला की कुणी सांगायच्या आत बदलणारे. नॉमिनी नेमण्याचा फॉर्म मी त्यांना दोनदा दिला होता. दोन्ही वेळा ‘भरतो न मॅडम, घाई काय हाय’ असं म्हणाले. मीही पुढे रेटलं नाही. गेल्या वर्षी एका सकाळी छातीत कळ आली आणि दवाखान्यात पोचायच्या आत ते गेले.

जलदान विधी झाला, पाहुणे पांगले आणि तिसऱ्या दिवशी त्यांचा मुलगा माझ्याकडे आला. तो पुण्याला कंपनीत नोकरीला, रजा संपत आलेली. टाइप केलेलं पत्र, नगरपरिषदेचा मृत्यू दाखला आणि वडिलांचं शेअर सर्टिफिकेट असं सगळं फाइलमध्ये नीट लावून आणलं होतं. विषय होता ‘सदनिकेचे सभासदत्व व भाग (शेअर्स) पत्नीच्या नावे करणेबाबत’. खाली लिहिलं होतं, ‘मयताच्या पश्चात मी व माझा मुलगा असे दोनच कायदेशीर वारस आहोत.’ त्याखाली आईची सही.

‘दोनच’ या शब्दावर मी थांबले. त्या घरात एक मुलगीही होती. बारावीत असताना माझ्याकडे मराठीचा निबंध तपासून घ्यायला यायची. सहा वर्षांपूर्वी तिनं समाजाबाहेरच्या मुलाशी लग्न केलं आणि वडिलांनी दार बंद केलं. ती रिसोडला असते एवढंच आम्हांला ठाऊक. घरात तिचं नावही निघत नसे. आणि मेकॅनिकसाहेबांची म्हातारी आई अनसिंगला धाकट्या मुलाजवळ राहत होती. आईसुद्धा वारस असते, हे बहुतेक त्या मुलाला माहीतच नव्हतं. बहिणीचं नाव मात्र त्यानं जाणून गाळलं होतं.

मला विचारता आलं असतं. मी विचारलं नाही. पत्रावर आवक क्रमांक टाकला आणि पोच दिली. दुसऱ्याच्या घरातली गोष्ट आपण कशाला उकरायची, असं स्वतःला सांगितलं. खरं तर मला वाईटपणा नको होता.

मुलगा पुण्याला गेला. दोन दिवसांनी दुपारी दारावर थाप पडली. त्याची आई उभी होती, हातात त्याच पत्राची झेरॉक्स.

‘मॅडम, माहं पत्र वापस द्या.’

‘काय झालं?’

‘त्या दिवशी चष्मा नव्हता जवळ. पोरानं बोट ठेवलं तिथं सही केली. आज निवांत वाचलं.’ तिनं कागद माझ्या टेबलावर ठेवला आणि ‘दोनच’वर बोट टेकवलं. ‘हे खोटं हाय. मले दोन लेकरं हायेत. अन् सासूबाई हायेत. चार माणसं झाली.’

मी तिला बसवलं, पाणी दिलं. म्हटलं, ‘वहिनी, खरं आहे तुमचं. पण चौघं लिहिली तर चौघांची संमती लागेल. लेकीला बोलवावं लागेल, सासूबाईंना आणावं लागेल. वेळ लागेल.’

‘लागू द्या.’

‘आणि मुलगा चिडला तर?’

तिनं झेरॉक्सची घडी घातली. मग म्हणाली, ‘तिच्या बापानं दार लावलं तेव्हा मी काईच बोलली नाही. माह्या घरात मी बोलली नाही. आता घर माह्या नावावर करून राह्यले, अन् पहिल्याच कागदावर लेक मेली म्हणून लिहू का?’

मी वही ओढली आणि म्हटलं, मी सांगते, तुम्ही लिहा. तिनं मान हलवली. ‘तुमी काय काय लागते तेवढं सांगा. लिहीन मी. शब्द तुमचे राहिले तर माही फक्त सहीच राहीन त्यात.’

सातवी शिकलेली बाई. चाळीस वर्षांत किराण्याच्या यादीपलीकडे काही लिहिलं नसेल. दोन संध्याकाळी बसून तिनं ते पत्र रेघांच्या कागदावर लिहिलं. अजूनही आमच्या फाइलीत आहे. ‘सदनिका’चा ‘सदनीका’ झालाय, एका ओळीवर रेघ मारून परत लिहिलंय. पण मजकूर स्वच्छ आहे. पती अमुक तारखेस वारले, त्यांनी नॉमिनी नेमलेला नाही. त्यांच्या मागे मी पत्नी, त्यांची आई, एक मुलगा व एक विवाहित मुलगी असे चार वारस आहोत. इतर तिघांची संमती मी स्वतः आणून देईन. सभासदत्व माझ्या नावे करावे. मी आयुष्यभर मुलांचे निबंध तपासले. असं सरळ लिहिणारे फार थोडे भेटले.

कमिटीची सभा अध्यक्षांच्या घरी झाली. अध्यक्ष म्हणजे पाटणी चौकाकडे हार्डवेअरचं दुकान चालवणारे, सगळे त्यांना चाचा म्हणतात. एक सभासद म्हणाले, ‘एवढा घोळ कायले? वहिनी आपल्या ओळखीच्या. करून टाका नाव.’

चाचांनी चष्मा काढला. ‘भाई, ओळख अपनी जगह, कायदा अपनी जगह. नॉमिनी नाही तर नोटीस द्याच लागते. उद्या कोणी उभा राहिला तर वहिनीलेच त्रास.’

त्याप्रमाणे दोन स्थानिक वृत्तपत्रांत नोटीस दिली. मयत सभासदाच्या भागावर कुणाचा हक्क वा हरकत असल्यास चौदा दिवसांत सोसायटीकडे कळवावे. फलकावरही लावली. आणि वारसांनी आपसांत करार करून तो नोंदवून आणावा, असं वहिनींना कळवलं.

नोटीस छापून आली त्याच दिवशी मुलाचा फोन. ‘मॅडम, आईला तुम्हीच भरीस घातलं ना? बाबांना हे चाललं असतं का?’

वहिनी तेव्हा माझ्याकडेच बसल्या होत्या. त्यांनी फोन मागितला. ‘हे पाय बाबू, मॅडमनं काई नाही केलं. तुह्या बाबाचा राग मले माईत हाय. पण त्यायनं तिले टाकलं असं कुठंच लिहून ठेवलं नाही. मंग तू कसा लिहितं?’ पलीकडून काही बोलणं झालं. ‘हाव. रजा काढून ये. तुही सही लागते.’ मग त्यांनी फोन माझ्या हातात दिला.

दुसऱ्या दिवशी त्या एसटीनं रिसोडला गेल्या. मी म्हटलं होतं, आधी फोन करा. ‘सहा वर्सानं फोनवर काय बोलता?’ म्हणाल्या. घर विचारत विचारत शोधलं. लेकीनं दार उघडलं आणि दोघी उंबऱ्यावरच किती वेळ उभ्या होत्या, हे त्यांनाही सांगता आलं नाही. संध्याकाळी परतल्यावर मला एवढंच म्हणाल्या, ‘दोन वर्साचा नातू हाय मले. अन् मले माईतच नाही.’

चौदा दिवसांत एकही हरकत आली नाही. वकिलानं कौटुंबिक करार लिहिला. फ्लॅट आणि त्याचे भाग आईकडे राहावेत, याला आजी, मुलगा आणि मुलगी यांची राजीखुशीनं संमती. वकिलानं लेकीला वेगळं बसवून सांगितलं, ‘यात तुमचाही हिस्सा आहे. तो तुम्ही आईसाठी सोडताय. समजून सही करा.’ तिनं समजलं म्हणून मान हलवली.

दुय्यम निबंधकाच्या ऑफिसात आम्ही सकाळीच पोचलो. ओळख पटवायला मी आणि चाचा. अनसिंगहून सासूबाईंना धाकट्या मुलानं आणलं होतं. मुलगा पुण्याहून रात्रभर प्रवास करून आलेला. बाकावर आई, आजी आणि मुलगा बसले होते. लेक नवऱ्यासोबत आली आणि दारातच थांबली.

मग म्हातारीनं डोळे बारीक करून तिच्याकडे पाहिलं आणि एकदम म्हणाली, ‘इतकी वाळली काहून वं? खायले नाही देत का तुहा नवरा?’

जावई बिचारा कावराबावरा झाला. लेक रडता रडता हसली. मुलगा बाकावर थोडा सरकला, जागा केली, आणि समोरच्या भिंतीकडे बघतच म्हणाला, ‘बस. नंबर यायला वेळ आहे.’ ती बसली. काही वेळानं त्यानं विचारलं, ‘चहा घेशील?’ एवढंच. त्या दिवशी त्याहून जास्त काही झालं नाही, आणि तेवढं पुष्कळ होतं.

नंबर आला. एकेकाचा फोटो, एकेकाचा अंगठा. म्हातारीचा अंगठा यंत्रावर उमटेना. शेतात झिजून गेलेल्या रेषा. कर्मचाऱ्यानं तीनदा पुसून लावायला सांगितलं. वहिनींनी आपल्या पदरानं तो अंगठा पुसला, हळूच दाबून धरला, तेव्हा उमटला. लेक सही करायला वाकली तेव्हा म्हणाली, ‘आई, मला काही नकोच होतं गं.’

‘मले माईत हाय. तुह्याकडून घ्याचं होतं म्हणून नाही बोलावलं. इथं तुही सही असली पायजे, म्हणून बोलावलं.’

नोंदवलेला करार, हमीपत्र आणि प्रवेश फी घेऊन वहिनी कमिटीपुढे आल्या. ठराव एकमतानं झाला. कुणीतरी हस्तांतराच्या अधिमूल्याचं, म्हणजे प्रीमियमचं, विचारलं, तर चाचा म्हणाले, ‘वारसाकडून ते घेताच येत नाही, भाई.’ मी सभासद नोंदवहीत नाव चढवलं. शेअर सर्टिफिकेटच्या मागच्या बाजूला हस्तांतराच्या रकान्यात त्यांचं नाव लिहिलं आणि त्यावर चाचांची, माझी आणि एका कमिटी सदस्याची सही झाली, शिक्का बसला. वहिनींनी ते सर्टिफिकेट दोन्ही हातांत धरून पुढून-मागून वाचलं, यावेळी चष्मा लावून. मग विचारलं, ‘आता मीटिंगमधी मले बोलता येते न?’

‘येतं. मतही देता येतं.’

पुढच्या सर्वसाधारण सभेत त्या पुढच्या खुर्चीत बसल्या. इतकी वर्षं मी सोडून बाकी बायका मागं उभ्या राहून ऐकायच्या आणि चहा द्यायच्या. विषय संपत आले तसा वहिनींनी हात वर केला. म्हणाल्या, गच्चीकडच्या जिन्याला कठडा नाही, लहान लेकरं येतात, कठडा बसवा. चाचांनी विचारलं, लहान लेकरं कोणाकडं येतात? ‘माह्याकडं,’ त्या म्हणाल्या, ‘दर रविवारी.’

ठराव मी लिहिला. सूचक म्हणून त्यांचं नाव घातलं.