सासऱ्यांचे इओसिनोफिल

आमच्या पार्ल्याच्या घरात आजारांनाही प्रतिष्ठा लागते. बीपी चालतं, मधुमेह तर पंगतीत शेजारी बसवावा इतका घरचा. जंत मात्र चालत नाहीत. हे मला सासऱ्यांच्या रक्ताच्या रिपोर्टमुळे कळलं.

बाबा, म्हणजे माझे सासरे, बँकेतून मोठ्या पदावरून निवृत्त झाले आणि कोकणात घेतलेल्या वाडीत नैसर्गिक शेती करू लागले. महिन्यातला निम्मा वेळ तिथे, निम्मा इथे. पावसाळा संपता संपता त्यांना कोरडा खोकला लागला, आणि कमरेभोवती खाज. खाजेची लाल रेघ उठायची आणि दुसऱ्या दिवशी भलतीकडेच सरकलेली असायची. आमच्या डॉक्टरीणबाईंनी रक्त तपासायला सांगितलं.

रिपोर्ट मीच घेऊन आले. पांढऱ्या पेशींच्या वर्गवारीत इओसिनोफिल बावीस टक्के. असतात सहापर्यंत. डॉक्टर म्हणाल्या, "या पेशी मुख्यतः तीन कारणांनी वाढतात, काका. अ‍ॅलर्जी, दमा, नाहीतर जंत. कधी एखाद्या औषधानेही. तुम्ही नवीन काही घेत नाही ना? मग पहिल्यांदा संडासची तपासणी करून घ्या."

बाबांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. "डॉक्टर, आमच्याकडे पाणी उकळून पितात."

"बरं करता. तपासणी करून घ्या."

घरी आल्यावर बाबांनी निकाल जाहीर केला: अ‍ॅलर्जी. अ‍ॅलर्जी म्हणजे कसं, संवेदनशील माणसाचं दुखणं. मग कबुतरं दोषी ठरली आणि बाल्कनीला जाळी बसली. आईंची, म्हणजे सासूबाईंची, उदबत्ती बंद झाली. आमटीला फोडणी द्यायची तर स्वयंपाकघराचं दार लावून द्यायची, आत आई ठसकत उभ्या. कापसाच्या गाद्या गेल्या. खोलीच्या कोपऱ्यात हवा शुद्ध करणारं एक यंत्र आलं, ते दिवसभर घुरघुरायचं. खोकला होता तसाच राहिला.

डॉक्टरांनी दम्यासाठी फुंकर मारायची तपासणीही करून घेतली. ती अगदी व्यवस्थित आली. "दमा दिसत नाही," त्या म्हणाल्या. "संडासचं काय झालं?"

"करतो," बाबा म्हणाले, आणि केली नाही.

मग वरच्या मजल्यावरचे त्यांचे मित्र मदतीला धावले. त्यांना कधीतरी अंगावर पित्त उठलं होतं, तेव्हाच्या स्टेरॉइडच्या गोळ्या उरल्या होत्या. "घे रे, पाच दिवसांत साफ." बाबांनी कोणाला न सांगता घेतल्या. खोकला थांबला, खाज कमी झाली. बाबा स्वतःच लॅबमध्ये जाऊन रक्त देऊन आले. इओसिनोफिल एक टक्का. तो कागद त्यांनी जेवणाच्या टेबलावर असा ठेवला की जणू बारशाचे पेढे ठेवताहेत.

"अ‍ॅलर्जी होती. सिद्ध झालं."

मी तो रिपोर्ट घेऊन डॉक्टरांकडे गेले, बाबांनाही बरोबर नेलं. डॉक्टरांनी कागद पाहिला आणि विचारलं, "कोणतं औषध घेतलंत?" बाबांनी अभिमानानं सांगितलं. त्यांचा चेहरा बदलला. त्या सहसा आवाज चढवत नाहीत, त्या दिवशीही चढवला नाही, पण पेन खाली ठेवलं.

"काका, स्टेरॉइडने या पेशी खाली येतातच. कारण कुठलंही असो. याने काहीही सिद्ध होत नाही. आणि एका जातीचे जंत असे असतात की स्टेरॉइड मिळालं की ते अंगभर पसरतात. फुप्फुसात, रक्तात. माणूस दगावतो. थोड्या गोळ्यांवर निभावलं असेल, तर नशीब समजा."

मला पहिल्यांदाच भीती वाटली.

गोळ्या सुटल्या, खोकला परत आला, पेशीही परत वीसच्या पुढे. आता तपासणी टाळता येईना. तरी शेवटचा प्रयत्न म्हणून बाबा घरी आल्यावर म्हणाले, "घरात बाहेरून कोण येतं? त्यांची आधी करा."

बाहेरून येणारी एकच, पोळ्या करायला दहिसरहून येणाऱ्या ताई. मी म्हटलं, हे बरोबर दिसत नाही. बाबा म्हणाले, "यात वाईट काय, आरोग्याचा प्रश्न आहे." ताईंनीच विषय संपवला. "राहू दे ना वहिनी. होऊन जाऊ दे." त्यांच्या रिपोर्टमध्ये काहीही निघालं नाही. त्यांनी त्याची कॉपी मागून घेतली. "सासूला दाखवते. ती मला म्हणते, तुझ्या हाताला चव नाही. निदान स्वच्छता तरी आहे म्हणावं."

आईंना इतकं हसू आलं की त्या पदर तोंडाला लावून बाल्कनीत गेल्या.

मग बाबांचे नमुने गेले, वेगवेगळ्या दिवसांचे, कारण एकात सापडेलच असं नसतं. पहिला कोरा आला. बाबांची मान ताठ झाली. दुसऱ्यात अळ्या दिसल्या. ज्यांच्याबद्दल डॉक्टर बोलल्या होत्या, त्याच जातीच्या.

"या अळ्या पाण्यातून येत नाहीत," डॉक्टर म्हणाल्या. "मातीतून येतात. तळपायाच्या कातडीतून आत शिरतात. अनवाणी कुठे चालता?"

"वाडीत," बाबा म्हणाले. "मी तिथे चप्पल घालतच नाही. मातीशी नातं तुटलंय आपलं."

"वाडीत काम करणारी माणसं संडासला कुठे जातात?"

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. मला माहीत होतं. दोन जोडपी वर्षभर तिथे राबतात. तिथलं घर बांधताना वाडीवरच्या मुकादमाने त्यांच्यासाठी संडास बांधायचं सुचवलं होतं. तेव्हा बाबा म्हणाले होते, एवढं मोकळं रान पडलंय, त्यांना सवय असते. माणसं काजूच्या झाडांमागे जात होती. आणि बाबा रोज सकाळी त्याच काजूखाली अनवाणी फेऱ्या मारत होते, डोळे मिटून, दीर्घ श्वास घेत.

"काजूकडे," मी म्हटलं.

डॉक्टरांनी काही टोमणा मारला नाही. गोळ्या लिहून दिल्या, वाडीतल्या माणसांचीही तपासणी करा म्हणाल्या, आणि "चप्पल घाला" हे कागदावर लिहून खाली रेघ ओढली.

गोळ्यांनी खाज गेली, खोकला गेला, आणि पुढच्या काही महिन्यांत इओसिनोफिल हळूहळू खाली आले. बाबा बरे झाले, आणि त्याबरोबर त्यांचं कथानकही सुधारलं. सोसायटीत विचारलं की ते सांगायचे, "ट्रॉपिकल इन्फेक्शन होतं. दुर्मीळ." ऐकणाऱ्याला वाटावं, गृहस्थ नुकतेच आफ्रिकेतून परतलेत. जंत हा शब्द आजतागायत त्यांच्या तोंडून निघालेला नाही.

वाडीतल्या चौघांपैकी दोघांत तसल्याच अळ्या निघाल्या. त्यांना औषध दिलं. त्यातली एक बाई वर्षानुवर्षं पोटदुखीला काढा पीत होती.

संडासही बांधला गेला, चांगला, टाइल लावलेला. बाबांनी त्याचे फोटो सगळ्यांना पाठवले. पुढच्या वेळी आम्ही गेलो तेव्हा त्याला कुलूप होतं.

"माणसं नीट वापरत नाहीत," बाबा म्हणाले. "खराब करतील. किल्ली माझ्याकडे आहे, पार्ल्याला."

आईंनी हातपाय धुतले, चहा घेतला आणि मुकादमाला हाक मारली.

"कुलूप तोडायला काय लागतं रे तुला?"

"हातोडी, काकी."

"मग आण."

बाबा ओटीवर बसून होते, पायात चपला घालून. ते उठले नाहीत.